ग्रुपवर कुणीतरी दुसऱ्याचा फोटो-आधार टाकलं तर अ‍ॅडमिनने काय लिहायचं, आणि त्याआधी काय करायचं

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (साधारण 180 जण) काल रात्री एका काकांनी कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, मोबाईल नंबर आणि आधार कार्ड टाकलं, पैसे चोरले म्हणून. मी अ‍ॅडमिन आहे. खाली लिहिलं, 'कृपया इतरांच्या प्रायव्हसीचा आदर करा', तर सगळे माझ्यावरच तुटून पडले, चोराची बाजू घेते म्हणून. पोस्ट अजून तिथेच आहे. आता काय लिहू?

उत्तर:

आत्ता लगेच ग्रुपवर काहीच लिहू नका. आधी काकांना फोन करा. मेसेज नाही, फोन. का ते सांगते.

मी डोंबिवलीत आमच्या सोसायटीचा ग्रुप अकरा वर्षं सांभाळतेय, मधली पाच वर्षं सेक्रेटरी पण होते, आणि त्याआधी आयुष्यभर सहकारी बँकेत काउंटरवर बसले, केवायसीची कागदपत्रं हातातून गेली तेवढी गेली. त्यामुळे आधारची झेरॉक्स चुकीच्या हातात गेली की काय होतं हे मला जरा जास्तच माहीत आहे, आणि ग्रुपवर 'प्रायव्हसी' हा शब्द लिहिला की काय होतं हेही माहीत आहे कारण पहिल्या दोन-तीन वेळा मी अगदी तुम्ही केलंत तेच केलं होतं.

तुमच्या वाक्यात चूक काही नाही पण ते ज्या जागी पडलं ती जागा चुकली. काकांचे पैसे गेलेत, ते तापलेत, खाली वीस जणांनी 'बरं झालं सांगितलंत' म्हणून अंगठे दिलेत, आणि त्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणताय की काका तुम्ही चुकलात. आता काका मागे कसे जाणार? चारचौघांत टोकलेला माणूस आपलंच खरं करायला बघतो, आणि बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहतात कारण पैसे त्याचे गेलेत, तुमचे नाही. दुसरं म्हणजे 'प्रायव्हसीचा आदर' हे वाक्य कुणाच्या डोळ्यासमोर काहीच उभं करत नाही. नेमकं काय काढायचं, का काढायचं, आणि काढल्यावर काकांच्या पैशाचं काय, यातलं एकही उत्तर त्यात नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिल्या दोघांचं कुणी ऐकूनच घेत नाही, हा माझा अनुभव.

आमच्याकडे झालेला प्रसंग सांगते, तुमच्यासारखाच आहे, आणि वेळेसकट सांगते कारण यात वेळ फार महत्त्वाची असते.

शनिवारची संध्याकाळ, 7:40. सी विंगमधल्या एका वहिनींनी ग्रुपवर (तेव्हा 212 जण होते) तीन फोटो टाकले. लिफ्टच्या सीसीटीव्हीतला मावशींचा फोटो, त्यांच्या आधारची पुढची बाजू, मागची बाजू. खाली नंबर आणि 'हिला कुणीही कामावर ठेवू नका, आमच्याकडून सोन्याचं कानातलं गेलंय.' आधार कुठून आलं तर गेटवर व्हेरिफिकेशनसाठी जे घेतो त्याचा फोटो वहिनींनी आपल्या मोबाईलमध्ये ठेवलेला. मी 7:52 ला बघितलं तोपर्यंत चौदा रिप्लाय. 'आमच्याकडे पण येते ही', 'वॉचमनला सांगा उद्यापासून गेटवरच अडवा', एकाने तर 'पुढच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकतो' असं लिहून टाकलेलं.

7:55 ला वहिनींना फोन लावला. पहिलं वाक्य मी कानातल्याचं बोलले, फोटोचं नाही. कधी लक्षात आलं, कुठे ठेवलेलं, घरात कोण कोण होतं. दोन-तीन मिनिटं नुसतं ऐकलं. मग म्हटलं, 'वहिनी, आपण आत्ता चौकीत जाऊ, मी येते तुमच्याबरोबर. आणि सीसीटीव्हीचं फुटेज आजच पेन ड्राईव्हवर काढून घेऊ कारण आपल्या मशीनवर पंधरा दिवसांनी जुनं पुसलं जातं. पण ते आधार आणि नंबर आधी ग्रुपवरून काढा.' त्या म्हणाल्या, 'म्हणजे माझी वस्तू गेली ती गेली, आणि तिचीच काळजी?' मी म्हटलं, 'वस्तू शोधायची म्हणूनच म्हणतेय. ग्रुपवरच्या दोनशे माणसांतला एक जण तरी तुमचं कानातलं शोधून देणार आहे का? पोलिसांना आधार लागलं तर ते आपण देऊच की. आणि उद्या त्या बाईने माझी बदनामी झाली म्हणून उलट तक्रार दिली तर तुमची तक्रार बाजूला पडून तेच चालू होईल.' त्या ऐकल्या. लगेच नाही, पाचेक मिनिटांनी. पण ऐकल्या, कारण मी त्यांच्या बाजूने बोलत होते आणि ते खरंच तसं होतं, मी नाटक करत नव्हते.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पोस्ट डिलीट करायच्या आधी. ज्याने टाकलीय त्याच्या फोनवर मेसेज दाबून धरला की 'इन्फो' मध्ये दिसतं कुणी कुणी वाचलाय, आणि हे फक्त टाकणाऱ्यालाच दिसतं. एकदा डिलीट केलं की ती यादी गेली. वहिनींना मी ती यादी आधी बघायला लावली. 58 जणांनी वाचलेलं. म्हणजे पुढे कुणाकुणाशी बोलायचं ते कळलं आणि 'सगळ्या जगात गेलं आता काय उपयोग' असं म्हणायची सोय राहिली नाही. दीडशे जणांनी बघितलेलंच नव्हतं, त्यांच्यासाठी तरी उपयोग होताच ना.

मग डिलीट. आणि इथे जे हमखास होतं तेच झालं, वहिनींनी घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं. त्यांच्या फोनवरून गेलं, त्यांना वाटलं झालं काम, आणि ग्रुपवर तिन्ही फोटो तसेच. खास करून वयस्कर मंडळींकडून हे फार होतं, म्हणून नुसतं 'केलं डिलीट' असं त्यांनी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या फोनवर बघा. 'डिलीट फॉर एव्हरीवन' ला टाकणाऱ्याकडे साधारण अडीच दिवस असतात. तुमची पोस्ट काल रात्रीची आहे म्हणजे अजून वेळ आहे. आणि 2022 पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजसुद्धा सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, मी शेवटी तेच केलं. फक्त अ‍ॅडमिनने काढलं की तिथे अ‍ॅडमिनने काढलं असं सगळ्यांना दिसतं, म्हणून शक्य असेल तर ज्याचं त्याला काढू द्यावं, त्याचा मान राहतो आणि पुढचं सगळं सोपं जातं.

एवढ्यावर संपत नाही. त्या पोस्टला कोट करून जे रिप्लाय आलेले असतात ना, त्यात मूळ मेसेजचा तुकडा तसाच राहतो. मजकुरात नंबर असेल तर नंबर दिसतो, फोटो असेल तर छोटा फोटो दिसतो. आमच्याकडे चौदातले सहा रिप्लाय कोट केलेले होते, ते मी एकेक करून काढले. हे बहुतेक अ‍ॅडमिन विसरतात आणि मग वरचं 'मेसेज डिलीटेड' आणि खाली मावशींचा नंबर असं चित्र दिसतं. आणि ज्यांच्या फोनवर फोटो आपोआप सेव्ह होतात, त्यातही आयफोनवाल्यांकडे, ते डिलीटनंतरही गॅलरीत राहू शकतात. ते काढायचा अधिकार आपल्याला नाही, फक्त विनंती करता येते. ती विनंती ग्रुपवरच्या मेसेजमध्ये घालायची.

8:10 ला मी ग्रुपवर हा मेसेज टाकला, जसाच्या तसा देते:

'नमस्कार. आत्ता ग्रुपवर आलेले एका व्यक्तीचे फोटो, आधार आणि नंबर काढले आहेत. चोरीची तक्रार आपण पोलिसांकडे देतोय आणि सीसीटीव्ही फुटेज त्यांना देणार आहोत. आधार आणि मोबाईल नंबर एकत्र बाहेर गेले की त्यावरून फसवणूक होऊ शकते, मग ते कुणाचंही असो, तुमचं-माझं असो. ज्यांच्या फोनमध्ये फोटो सेव्ह झालेत त्यांनी कृपया डिलीट करावेत. कुणी पुढे पाठवले असतील तर मला वेगळा मेसेज करा, मी कुणाचं नाव घेणार नाही, फक्त तिथूनही काढायला मदत हवी आहे.'

बघा यात वहिनींचं नाव नाही, मावशींचं नाव नाही, 'प्रायव्हसी' शब्द नाही, कुणी चुकलं असं नाही. काय काढलं, मूळ तक्रारीचं काय होणार, का काढलं ते एका वाक्यात, आणि वाचणाऱ्याने आत्ता काय करायचं. मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा यात कायद्याची तीन कलमं पण घातली होती, मग काढून टाकली. कलमं घातली की ग्रुपवर चार वकील तयार होतात आणि चर्चा कलमावर जाते.

लगेच एका काकांचं आलंच: 'चोराला कसली प्रायव्हसी?' तुमच्याकडेही सगळं इथेच फिसकटलं असणार. याला उत्तर एकदाच द्यायचं, एकाच वाक्यात, आणि पुन्हा नाही. मी लिहिलं, 'काका, चोरी कुणी केली ते पोलिस बघतील, आधार ग्रुपवर असल्याने त्यांना काही मदत होत नाही म्हणून काढलं.' त्यांनी अजून दोन मेसेज टाकले, मी गप्प बसले आणि त्यांना फोन केला. ग्रुपवर वाद घालत बसलात की प्रत्येक रिप्लायबरोबर तो विषय पुन्हा वर येतो, ज्यांनी बघितलं नव्हतं ते वर जाऊन शोधतात, 'कोण हो ती बाई' असं विचारतात, आणि कुणीतरी हौशी माणूस स्क्रीनशॉट परत टाकतो. विषय खाली जाऊ देणं हाही त्या बाईला झाकण्याचाच भाग आहे.

वाचणाऱ्यांना इथे प्रश्न पडला असेल की कानातल्याचं शेवटी काय झालं. ते मी मुद्दाम लिहीत नाही. मिळालं, मावशी निर्दोष निघाल्या असं लिहिलं तर वाटणार की म्हणून पोस्ट काढायची होती. आणि त्यांनीच घेतलं असं निघालं तर वाटणार की मग राहू दिली असती तरी चाललं असतं. दोन्ही नाही. 7:40 ला कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी आधार कार्ड ग्रुपवर टाकायचं काही कारण नव्हतं.

आधारचं एवढं का लावून धरते ते सांगते, कारण लोकांना वाटतं झेरॉक्स तर सगळीकडेच देतो आपण. आधारवर नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि नंबर असतो. त्याच्या जोडीला चालू मोबाईल नंबर मिळाला की फोन करणाऱ्या भामट्याचं अर्धं काम झालं. 'तुम्ही अमुक अमुक ना, जन्मतारीख ही ना, आधारचे शेवटचे आकडे हे ना, तुमचं खातं बंद होतंय, आलेला ओटीपी सांगा.' एवढी बरोबर माहिती ऐकल्यावर शिकलेली माणसं सांगतात ओटीपी, बँकेत रडत आलेली मी बघितलीत. आणि गावाकडे-वस्तीत आधार आणि अंगठ्यावर पैसे काढायची सोय असते तिथे आधार नंबर आणि कुठूनतरी मिळवलेला अंगठ्याचा ठसा अशी जोडी लावून खात्यातून पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात. म्हणून आधार नंबर जाहीरपणे कुठे टाकायचा नाही असं आधारच्या कायद्यातच आहे. सोसायटीला नोंदीसाठी हवंच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात, ओळख पटवायला तेवढं पुरतं. आणि ती फाईल ऑफिसात कुलपात, कुणाच्याही मोबाईलच्या गॅलरीत नाही. आमच्याकडचा प्रसंग मुळात घडला तो गेटवरच्या कागदाचा फोटो एका मेंबरच्या फोनमध्ये गेल्यामुळे, हे मी सेक्रेटरी असताना झालं आणि मला आजही ते खटकतं.

आता तो भाग जो जवळपास कुठलाच ग्रुप करत नाही. जिचा फोटो गेला तिला सांगणं.

मावशी ग्रुपवर नाहीत. त्यांना कळणारच नाही काय झालं, फक्त परिणाम दिसणार. मी रात्री नऊला त्यांना फोन केला तेव्हा त्यांना अनोळखी नंबरांवरून नऊ फोन येऊन गेले होते, त्यातले दोन पुरुषांचे आणि चोरीबद्दल नव्हतेच, वेगळेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घरांनी 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं. मी त्यांना काय काय बाहेर गेलं ते सरळ सांगितलं, लपवलं नाही, सोसायटीतर्फे माफी मागितली. ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हणाले तरी नाही, आणि त्रास देणारे नंबर ब्लॉक करा पण आधी स्क्रीनशॉट ठेवा. त्यांच्या भाच्याने आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून दिलं, म्हणजे त्यांच्या अंगठ्याचा वापर त्यांनी उघडल्याशिवाय होत नाही. पैशाची फसवणूक झालीच तर 1930 ला लगेच फोन करायचा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त, आणि cybercrime.gov.in वर तक्रार. मग त्या दोन घरी मी स्वतः गेले. एका घराने परत बोलावलं. दुसऱ्याने नाही बोलावलं. ते मला जमलं नाही.

पुढे पाठवलेल्यांचं म्हणाल तर तीन जणांनी मला खासगीत कळवलं, नाव घेणार नाही म्हटल्यामुळेच. दोघांनी घरच्या ग्रुपवर पाठवलेलं, लगेच काढलं. तिसऱ्याने शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं, तिथल्या अ‍ॅडमिनला पटवायला मला चार दिवस लागले, तोवर डिलीट करायची अडीच दिवसांची मुदत संपून गेली आणि तिथे ते आधार पडून राहिलं. म्हणून पहिल्या तासातच पुढे पाठवल्याचं विचारून घ्या.

काही वेळा मात्र हा सगळा फोन-समजूत क्रम गुंडाळून ठेवायचा आणि आधी डिलीट मारायचं, मग बोलायचं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा मुलीची ओळख कळेल असं काहीही, अत्याचाराच्या किंवा गुन्ह्याच्या प्रकरणात अडकलेल्या लहान मुलांचं नाव-फोटो-शाळा, आणि कुणाचेही खासगी अवस्थेतले फोटो किंवा व्हिडिओ. इथे ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 72, मुलांसाठी बाल न्याय कायद्यात कलम 74. लोक हे चांगल्या मनाने टाकतात, 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून, मेणबत्त्यांच्या फोटोबरोबर मुलीचा फोटो. हेतू चांगला असला तरी थांबायचं नाही. आणि खासगी व्हिडिओ असेल तर 'पुरावा म्हणून' स्वतःच्या फोनमधून कुणालाही पाठवू नका, कमिटीच्या चार जणांनासुद्धा नाही. कुणी टाकलं, कधी टाकलं, कोणत्या नंबरवरून, एवढं लिहून ठेवा आणि पोलिसांना सांगा.

अनोळखी माणसाचा फोटो 'संशयास्पद फिरतोय, मुलं सांभाळा' म्हणून येतो तोही मी याच गटात धरते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्या दिवसांत अशाच अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. गेटबाहेर कुणी संशयास्पद वाटला तर वॉचमनला फोन करा, 112 ला करा. फोटो ग्रुपवर नाही. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

अ‍ॅडमिनवर केस होते का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल, सगळ्यांच्या असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून ठरवलेला हेतू असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे घाबरून सगळा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असा कायमचा बंद करायची गरज नाही. वाद पेटला तर तासभर बंद ठेवा, मी ठेवते कधीकधी, पण तुमचा मेसेज टाकून झाल्यावर. आधी बंद केलंत तर लोकांना वाटतं तोंड दाबलं.

सगळेच प्रसंग रागातून येत नाहीत. आमच्याकडे जास्त वेळा प्रेमातूनच येतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी एका आजोबांनी नातवाच्या निकालाचा स्क्रीनशॉट टाकला, कौतुक म्हणून, आणि मग 'इतर मुलांचेही टाका' असं सुरू झालं. त्यावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव दोन्ही दिसतं, आणि बोर्डाच्या साईटवर निकाल बघायला हेच दोन लागतात. आता त्या मुलाला 91 टक्के होते म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण खाली एकीने शेजारच्या मुलीचा टाकला, तिला 54 होते, मुलगी दोन दिवस खाली उतरली नाही. आजोबांना 'काढा' असं म्हणवेना मला, एवढे खूश होते. मी फोन करून आधी अभिनंदन केलं, मग म्हटलं, 'आजोबा, टक्के आणि नातवाचा पेढा भरवतानाचा फोटो टाका की, तो कागद नको, त्यावर नंबर आहे.' त्यांनी लगेच बदललं. शेजारणीला मात्र मी जरा स्पष्ट बोलले, दुसऱ्याच्या मुलीचा निकाल टाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला म्हणून. ग्रुपवर नाही, फोनवरच.

मी प्रत्येक वेळी 'काढा' च्या जोडीला 'त्याऐवजी हे टाका' देते. आयसीयूत नळ्या लावलेल्या काकांचा फोटो आला की 'फोटो काढा, पण बी पॉझिटिव्ह रक्त हवंय आणि अमुक जणांशी बोला हे राहू द्या.' हरवलेल्या आजींचा फोटो घरच्यांनी टाकायला सांगितला असेल तर जरूर ठेवा, पण सापडल्या की 'सापडल्या' लिहून फोटो काढा, नाहीतर तो पुढची दोन वर्षं फिरत राहतो आणि त्या बिचाऱ्या रोज कुणाच्या तरी ग्रुपवर हरवतात. झाकून टाकायचंच असेल काही तर मोबाईलमधल्या हायलायटरने काळं करू नका, तो पारदर्शक असतो, ब्राईटनेस वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. तो भाग क्रॉपच करा.

बरं, आता तुमचं आज रात्रीचं. तुम्ही एकदा ग्रुपवर बोलून बसलायत, त्यामुळे काकांना फोन करताना सुरुवात तिथूनच करा, 'काका, मी सगळ्यांसमोर लिहायला नको होतं, आधी तुम्हाला फोन करायला हवा होता.' हे म्हणणं कमीपणाचं नाही आणि खरंही आहे. मग पैसे किती गेले, कधी, ते नीट ऐका. चौकीत बरोबर जायची तयारी दाखवा आणि दाखवली तर खरंच जा. मग काढायला सांगा, पण आधी इन्फोची यादी बघून घ्या. काका नाहीच म्हणाले तर अर्धा तास थांबा आणि तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून काढा, त्यांना सांगून काढा, गुपचूप नाही. कोट केलेले रिप्लाय विसरू नका. मग ग्रुपवर हे टाका, हवं तर शब्द बदला:

'काल रात्री मी इथे घाईत लिहिलं, काकांशी आधी बोलायला हवं होतं, ते मी आज बोलले. त्यांचे पैसे गेलेत, त्याची तक्रार उद्या सकाळी पोलिसांकडे देतोय आणि कमिटी त्यांच्याबरोबर आहे. आधार, फोटो आणि नंबर ग्रुपवरून काढले आहेत, कारण त्यावरून फसवणूक होऊ शकते आणि तपासाला त्याचा उपयोग नाही. कृपया आपापल्या फोनमधूनही काढा. कुठे पुढे पाठवलं असेल तर मला आजच खासगीत कळवा.'

हा मेसेज पाठवून फोन खाली ठेवायच्या आधी मावशींना फोन लावा. नंबर तुमच्याकडे आहेच.